टक्के नकोत, माणसं मोजा

समजा, किराणा दुकानातल्या 100 गिऱ्हाइकांना विचारलं: पैसे रोख देता की यूपीआयनं? चाळिशीच्या आतल्या 50 जणांपैकी 36 यूपीआयवाले निघाले, चाळिशीपुढच्या 50 पैकी 24. वयाचा खरंच संबंध आहे, की हा नुसता योगायोग?

काय-स्क्वेअर कसोटी आधी संबंध नाहीच असं धरून चालते. एकूण 60 जण यूपीआयवाले, म्हणजे दोन्ही गटांत 30-30 यायला हवे होते, आणि रोखवाले 20-20. प्रत्येक चौकटीत फरक 6 चा. त्याचा वर्ग 36, त्याला अपेक्षित संख्येनं भागायचं: 1.2, 1.8, 1.2, 1.8. बेरीज 6. दोन बाय दोनच्या तक्त्याला स्वातंत्र्य-मात्रा एकच, आणि 5 टक्के पातळीवरची मर्यादा 3.84. ती ओलांडली, म्हणून ‘संबंध नाही’ हे गृहीतक सोडायचं.

आता गिऱ्हाइकं निम्मीच विचारली असती आणि प्रमाण तेच, 25 पैकी 18 आणि 12, निघालं असतं, तर बेरीज 3 आली असती आणि निकाल फिरला असता! मुलं नेमकी इथंच फसतात. चौकटीत माणसांऐवजी टक्के (72, 28, 48, 52) भरतात. मग त्याच 50 जणांवरून उत्तर थेट 12 येतं. अपेक्षित संख्या 5 च्या खाली गेली तर मात्र फिशरची अचूक कसोटी वापरलेली बरी.