आंबूस झालेलं दूध उकळलं की पुन्हा सुरक्षित होतं का?

सकाळी साडेसहाला आणलेली अर्धा लिटर दुधाची पिशवी घाईत ओट्यावरच राहिली. आठवण झाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वास किंचित आंबूस, पण दूध दिसायला पातळच. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय निघतो: ‘चांगली उकळी आणू, जंतू मरतील. नासलंच तर पनीर करू.’

जंतू मरतात हे बऱ्याच अंशी खरं आहे. तरीही हे दूध चहात घालू नये. कारण उकळीने जंतू मरतात, पण त्यांनी दुधात आधीच सोडलेलं विष तसंच राहू शकतं.

गॅसवर ठेवताच का फुटतं?

पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, म्हणजे साधारण 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं. त्यात बहुतेक रोगजंतू मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू उरतात. दूध बाहेर राहिलं की ते वाढतात आणि दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्ल थोडंच वाढलेलं असताना दूध थंडपणी एकसंध दिसतं. तापवलं की मात्र त्यातली प्रथिनं तग धरत नाहीत आणि गुठळ्या होतात.

दूध संकलन केंद्रावर हीच गोष्ट चाचणी म्हणून वापरतात. परीक्षानळीत थोडं दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं धरायची. गुठळी दिसली की दूध नाकारलं जातं.

गुठळी स्वतः विषारी नसते. जिवाणूंना वाढायला पुरेसा वेळ मिळाला, एवढंच ती सांगते. कोणते जिवाणू वाढले, हे ना ती सांगते, ना वास.

उकळीला न जुमानणारं विष

इथे दोन जिवाणू महत्त्वाचे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि जनावराच्या सुजलेल्या कासेत असतो. त्यामुळे कच्च्या दुधात किंवा फोडलेल्या पिशवीत तो येऊ शकतो. बॅसिलस सिरियस न फोडलेल्या पिशवीतही असू शकतो, कारण त्याचे बीजाणू पाश्चरायझेशनमधून वाचतात. घरच्या उकळीतूनही वाचतात. दोघांचंही उलट्या घडवणारं विष 100 अंशाला नष्ट होत नाही.

जपानमध्ये 2000 साली हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. होक्काइडोमधल्या स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात मार्च अखेरीस सुमारे तीन तास वीज गेली आणि दूध कोमटच राहिलं. तेवढ्यात स्टॅफिलोकॉकस वाढला. पुढे प्रक्रियेतल्या उष्णतेने जिवाणू मेले, पण विष दूध पावडरमध्ये उतरलं. ती पावडर वापरलेलं दूध जून अखेरीस ओसाका परिसरात विकलं गेलं आणि 13 हजारांहून अधिक लोक आजारी पडले.

मग फ्रिज नसलेल्या घरांत दर काही तासांनी दूध तापवतात, ते कसं चालतं? तिथे जंतू वाढण्याआधीच उकळी येते. आंबल्यावर आणलेली उकळी उशिरा आलेली असते.

मग पनीर, दही?

पनीरसाठी ताज्या दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून आपण ते मुद्दाम फोडतो. दह्यात विरजणातले ओळखीचे जिवाणू इतक्या संख्येने असतात की इतरांना फारसा वाव मिळत नाही. ओट्यावर आपोआप आंबलेलं दूध म्हणजे दही नव्हे.

आलं किंवा गूळ घातल्यावर ताज्या दुधाचा चहा फुटला, तर तो प्रकार वेगळा. आल्यातलं एक एन्झाइम प्रथिनं तोडतं, गुळात थोडं आम्ल असतं. दूध ताजं होतं याची खात्री असेल, तर असा चहा चवीला वाईट, पण धोकादायक नाही.

त्या पिशवीचं काय करायचं?

साडेसात तास बाहेर राहिलेलं दूध टाकून द्यावं. अर्धा लिटर ओतून देताना जीव हळहळतो, पण कलाकंद केला तरी विष त्यातच राहील. दूध आणल्यापासून सलग फ्रिजमध्ये होतं, तारीख उलटलेली नाही आणि फक्त तापवताना फुटलं, तर धोका बराच कमी असतो, कारण थंडीत स्टॅफिलोकॉकस विष बनवत नाही. काही घरांत त्याचं लगेच पनीर करतात. मात्र लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना ते देऊ नये. कडवट चव, तार सुटणं किंवा रंग बदलणं, यातलं काही दिसलं तर कोणासाठीच नको.

फुटू नये म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालण्याची युक्तीही टाळावी. सोडा आम्ल मारतो, त्यामुळे दूध फुटत नाही. विष मात्र राहतं, आणि ते दूध खराब असल्याची एकमेव दिसणारी खूणही जाते.