फोन द्यायचा, पण तेवढ्या एका ॲपपुरता

मागच्या दिवाळीत माझ्या पाच वर्षांच्या भाचीने ऑफिसच्या ग्रुपवर मांजराच्या आवाजाचा चौदा सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवला. आवाज तिचाच होता, फोन माझा. मी दिला होता चित्रं रंगवायला. ती त्या ॲपमधून बाहेर कधी आली आणि व्हॉट्सॲपमध्ये कशी शिरली, ते तिलाही सांगता येईना. त्यानंतर मी फोन देण्याआधी ॲप ‘पिन’ करायला लागलो.

ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ साली, ५.० या आवृत्तीपासून आहे. आधी तिला स्क्रीन पिनिंग म्हणत, आता सेटिंग्जमध्ये बहुधा App pinning असं दिसतं, तर सॅमसंगच्या फोनवर Pin app. ती आपोआप चालू नसते आणि प्रत्येक कंपनीने ती वेगळ्या कोपऱ्यात ठेवली आहे. साधारणपणे सुरक्षिततेच्या विभागात, अगदी तळाशी. शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत pin एवढंच टाइप करावं.

तिथे मुख्य बटण चालू केलं की खाली आणखी एक बटण येतं: Ask for PIN before unpinning. पॅटर्न लावणाऱ्यांना तिथे पॅटर्नचा उल्लेख दिसेल. बरेच जण नेमकं हेच चालू करायचं विसरतात आणि मग सगळा खटाटोप वाया जातो. हे बंद असेल तर बाहेर पडायची खूण ज्याला माहीत आहे, तो कुणालाही न विचारता बाहेर पडतो. पाच वर्षांच्या मुलाला ती खूण कळायला एक दुपार पुरते.

आता प्रत्यक्ष द्यायची वेळ. रंगवायचं ॲप उघडायचं. मग अलीकडे वापरलेल्या ॲप्सची पानं दिसतात त्या पडद्यावर जायचं, म्हणजे खालच्या कडेवरून बोट वर सरकवून क्षणभर थांबायचं. रंगवायच्या ॲपचं पान समोर येतं, त्याच्या डोक्यावर ॲपचं छोटं चिन्ह असतं. त्यावर बोट टेकवलं की यादी उघडते, तिच्यात Pin असतं. ते दिसलं नाही तर मुख्य बटण चालू झालेलं नाही असं समजावं. एकदा पिन लागली की बोट नेहमीसारखं वर सरकवलं तरी होम स्क्रीन येत नाही आणि वरून सूचनांची पट्टी खाली ओढता येत नाही.

इथे एक गैरसमज होतो. पिन ॲपला लागते, त्यातल्या एका पानाला नाही. लग्नघरात कुणी ‘साडीचा फोटो दाखव’ म्हणालं आणि तुम्ही गॅलरी पिन करून फोन दिला, तर पुढचा, त्याच्या पुढचा, आणि गेल्या महिन्यात काढून ठेवलेला आधारकार्डाचा फोटोही दिसणारच. खोलीचं दार बंद झालं, आतली कपाटं उघडीच आहेत. ईमेलच्या ॲपमधले ईमेल आणि संपर्कांच्या ॲपमधले नंबरही तसेच उघडे राहतात. शिवाय पिन केलेलं ॲप स्वतःहून दुसरं ॲप उघडू शकतं, असा इशारा पिन करतानाच पडद्यावर येतो. तो वाचायच्या आत आपण पुढे जातो. म्हणून अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यायला ही सोय पुरेशी नाही. ओळखीच्या, पण चुळबुळ्या बोटांसाठी आहे.

बाहेर पडणं सोपं आहे, पण ठाऊक असायला हवं. बटणं नसलेल्या, बोट सरकवायच्या फोनवर खालच्या कडेवरून बोट वर न्यायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. झटकन सरकवून सोडलं तर काहीच होत नाही. खाली तीन बटणं असतील तर मागे जाण्याचं आणि अलीकडच्या ॲप्सचं, अशी दोन एकदम दाबून धरायची. कुठल्या फोनवर मागे जाण्याचं बटण डावीकडे असतं, कुठल्या फोनवर उजवीकडे. लक्षात ठेवायला एवढंच: मधलं सोडा, कडेची दोन्ही धरा. मग फोन कुलूपबंद होतो आणि आकडे मागतो. काहीच जमलं नाही तर फोन बंद करून पुन्हा चालू करावा. पिन निघून जाते आणि सुरुवातीलाच नेहमीचं कुलूप लागतं, त्यामुळे धोका नाही.

हे मी बाबांना सांगायला विसरलो होतो. एका रविवारी भाची त्यांचा फोन घेऊन बसली, तिच्यासाठी ॲप मीच पिन करून दिलं आणि गावी निघून आलो. संध्याकाळी बाबांना फोन हवा होता, तर पडद्यावर रंगवलेला हत्ती, तो काही केल्या जाईना. ‘व्हायरस शिरलाय’ म्हणत ते कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. पोराने कडेची दोन बटणं धरली आणि फोन परत पुढे केला, ‘काका, आकडे टाका.’ पैसे मात्र घेतले नाहीत.