मीटर मोजतो एक, सांगतो दुसरंच

सोसायटीच्या सभेत मोबाइल टॉवरचा विषय निघाला की शेवटी तपासणीवर येऊन थांबतो. ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर तशी मागणी नोंदवता येते. मग कुणीतरी गच्चीवर येतो, दांड्याच्या टोकाला गोळा असलेला मीटर हवेत फिरवतो आणि एक आकडा वाचून दाखवतो : ०.०३ वॉट प्रति चौरस मीटर.

या आकड्याचा अर्थ सरळ आहे. टॉवरकडून येणाऱ्या लाटेच्या वाटेत एक चौरस मीटरची चौकट आडवी धरली, तर तिच्यातून दर सेकंदाला ०.०३ जूल ऊर्जा पार होते. ती कोणत्या दिशेने जाते हेही त्यासोबत सांगितलं, की जी राशी तयार होते तिला पॉइंटिंग सदिश म्हणतात. पण गच्चीवरच्या त्या मीटरमध्ये असली कोणतीही चौकट नसते. बहुतेक मीटर फक्त विद्युतक्षेत्र मोजतात. वॉटचा आकडा ते आतल्या आत हिशेब करून दाखवतात. तो हिशेब कधी बरोबर आणि कधी फसवा, हे कळायला पॉइंटिंगचं म्हणणं समजून घ्यावं लागतं.

जॉन हेन्री पॉइंटिंग हे बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याआधी केंब्रिजच्या प्रयोगशाळेत त्यांनी खुद्द मॅक्सवेल यांच्या हाताखाली काम केलं होतं. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत ऊर्जा साठलेली असते, हे मॅक्सवेल यांच्या समीकरणांवरून दिसत होतं. ती एका जागेहून दुसऱ्या जागी जाते कशी, आणि कोणत्या वाटेने? १८८४ साली पॉइंटिंग यांनी याचं उत्तर प्रसिद्ध केलं. ऑलिव्हर हेविसाइड हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. उत्तर एका ओळीत मावतं :

S = E × H

E म्हणजे विद्युतक्षेत्र, त्याचं माप व्होल्ट प्रति मीटर. H म्हणजे चुंबकीय क्षेत्र, त्याचं माप अँपिअर प्रति मीटर. दोन्हींच्या गुणाकारातून वॉट प्रति चौरस मीटर मिळतात. हा गुणाकार सदिशांचा आहे, म्हणून ऊर्जा दोन्ही क्षेत्रांना काटकोन करून जाते. विद्युतक्षेत्र वर-खाली हलत असेल आणि चुंबकीय क्षेत्र डावी-उजवीकडे, तर ऊर्जा पुढे निघते.

आता ९०० मेगाहर्ट्‌झच्या लाटेत ही क्षेत्रं सेकंदाला ९० कोटी वेळा पूर्ण फेरा घेतात. मग ऊर्जाही तितक्याच वेळा पुढे-मागे का होत नाही? कारण दोन्ही क्षेत्रं एकाच क्षणी उलटतात, आणि उणे गुणिले उणे अधिकच येतं. विद्युतक्षेत्र खालच्या दिशेला वळतं तेव्हा चुंबकीय क्षेत्रही बाजू बदललेलं असतं, त्यामुळे गुणाकाराची दिशा कायम राहते. प्रवाह एकसारखा मात्र नसतो. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा शिगेला जातो आणि दोनदा शून्यावर येतो. मीटर दाखवतो ती त्याची सरासरी.

दोन क्षेत्रांची ही जोडी तुटली की सगळंच बदलतं. झोका पुढे जात असताना पुढे रेटा दिला तर ऊर्जा झोक्यात जाते. रेटा पाव फेरा उशिरा पडत राहिला, तर अर्धा वेळ तो ऊर्जा देतो आणि अर्धा वेळ काढून घेतो. क्षेत्रांचंही तसंच होतं. दोन्ही जोरदार असूनही त्यांच्यात पाव फेऱ्याचं अंतर असेल, तर सरासरी प्रवाह शून्य असतो.

टॉवरपासून दूर, मोकळ्या हवेत, ही जोडी पक्की असते. तिथे विद्युतक्षेत्राला चुंबकीय क्षेत्राने भागलं की नेहमी सुमारे ३७७ ओहम येतात. म्हणून मीटरला एकच क्षेत्र पुरतं : त्याचा वर्ग करायचा आणि ३७७ ने भागायचं. एक नेहमीच्या घडणीचा अँटेना घेऊ. त्याला २० वॉट शक्ती दिली आणि सर्व दिशांना सारखं फेकण्याऐवजी समोरच्या झोतात त्याने ती पन्नास पट एकवटली, तर झोतात उभ्या असलेल्याला तो हजार वॉटच्या स्रोतासारखा भासतो. ५० मीटरवर हे हजार वॉट सुमारे ३१,४०० चौरस मीटरच्या गोलावर पसरलेले असतात. भागाकार ०.०३२ येतो. त्याला जुळणारं विद्युतक्षेत्र साडेतीन व्होल्ट प्रति मीटर. गच्चीवरचा आकडा असा जमतो. झोत उभ्या दिशेत अगदी अरुंद असल्यामुळे टॉवरच्या थेट पायथ्याशी आकडा बहुतेक वेळा याहून कमी मिळतो, समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जास्त.

भारताने २०१२ मध्ये ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ०.४५ वॉट प्रति चौरस मीटर ही मर्यादा ठरवली. आंतरराष्ट्रीय शिफारशीतल्या ४.५ चा तो दहावा भाग. पण हेच व्होल्टमध्ये लिहिलं, तर ४१ वरून १३ वर आलो असं दिसतं, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. शक्ती क्षेत्राच्या वर्गाने वाढते, म्हणून असं होतं. दोन अहवालांची तुलना करताना एकात व्होल्ट आणि दुसऱ्यात वॉट असतील, तर भांडणाला आयतंच निमित्त मिळतं.

हिशेब फसतो तो भिंतीजवळ. पत्र्याच्या शेडसमोर किंवा धातूच्या टाकीसमोर मीटर धरला, तर टॉवरकडून आलेली लाट आणि पत्र्यावरून परतलेली लाट एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी विद्युतक्षेत्र दुप्पट होतं, मीटर त्याचा वर्ग करतो आणि चौपट शक्ती दाखवतो. तिथून पाव तरंगलांबी, म्हणजे आठ सेंटिमीटर सरकलं, की आकडा जवळजवळ शून्यावर येतो. प्रत्यक्षात दोन्ही जागी निव्वळ प्रवाह शून्यच असतो, कारण जितकी ऊर्जा पत्र्याकडे जाते तितकीच परत येते. जिथे विद्युतक्षेत्र कमाल, तिथे चुंबकीय क्षेत्र नाहीसं झालेलं असतं, आणि गुणाकाराला एक शून्य पुरतं. अशाच स्थिर लाटा हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८८ मध्ये कार्लस्रुहच्या व्याख्यानगृहात जस्ताच्या पत्र्यासमोर उभ्या केल्या आणि त्यांवरून तरंगलांबी मोजली. त्यांना हवा होता तोच परिणाम आजच्या तपासनिसाला चकवतो. वितभर अंतरात आकडा असा वरखाली नाचू लागला, की समजावं, जवळपास काहीतरी लाट परतवतंय.

म्हणून जाणता तपासनीस मीटर एकाच जागी रोखून धरत नाही. तो माणसाच्या उंचीभर वेगवेगळ्या बिंदूंवर वाचन घेतो, काही मिनिटांची सरासरी काढतो आणि धातूपासून अंतर राखतो. सरासरीनंतरही तो आकडा एका अर्थी अपुराच असतो, कारण मीटरच्या टोकावरचा गोळा सर्व बाजूंचं क्षेत्र एकत्र करतो. ऊर्जा कुठून कुठे गेली हे तो सांगू शकत नाही.

दुसरा फसवा पट्टा अँटेनाच्या अगदी जवळचा. दुरुस्तीसाठी खांबावर चढणाऱ्या कामगाराला तो सर्वांत महत्त्वाचा. दोन मीटर लांबीच्या अँटेनासमोर पहिल्या पंचवीसेक मीटरमध्ये लाट अजून नीट घडलेली नसते. तिथे अंतराच्या वर्गाने भागण्याचं सोपं सूत्र चालत नाही. अँटेनाच्या धातूपासून पाचसहा सेंटिमीटरच्या आत तर बरीचशी ऊर्जा बाहेर न जाता अँटेनाभोवतीच ये-जा करत असते, आणि ३७७ ओहमचं नातं मोडलेलं असतं. मध्यम लहरींच्या आकाशवाणी केंद्राच्या मनोऱ्याजवळ हाच पट्टा सेंटिमीटरांऐवजी पन्नासेक मीटर पसरतो, कारण तिथली तरंगलांबीच तीनशे मीटरच्या घरात असते. अशा जागी विद्युतक्षेत्राचा वर्ग ३७७ ने भागून मिळालेल्या वॉटना काही अर्थ नसतो. तिथे दोन वेगळे प्रोब नेतात, विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र स्वतंत्र मोजतात आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या-त्याच्या मर्यादेशी करतात.