सहा तुकडे, पाच बँड

जेलचा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आडव्या रेघा दिसतात, आणि साहजिकच तो सारख्या दिसणाऱ्या दोन लेन शोधू लागतो. तसं पाहून उत्तर बरेचदा बरोबरही येतं. पण ते कशामुळे बरोबर आलं, हे विचारलं की गडबड होते. म्हणून एक सोपं, जगभरच्या प्रयोगशाळांत रोज होणारं उदाहरण घेऊन एकेका बँडचा हिशेब मांडू.

उदाहरण आहे लॅम्डा नावाच्या विषाणूच्या डीएनएचं. हा विषाणू ई. कोलाय जिवाणूवर जगतो आणि त्याच्या डीएनएची लांबी बरोबर 48,502 बेस-जोड्या आहे. 1982 साली फ्रेडरिक सँगर यांच्या गटानं त्याचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. त्यामुळे कोणतं एन्झाइम तो कुठे कापणार आणि किती लांबीचे तुकडे पडणार, हे आधीच ठाऊक असतं.

फोटोत चार लेन आहेत असं धरू. पहिल्या लेनमध्ये हिंड-थ्री या एन्झाइमनं कापलेला लॅम्डा, म्हणजे आपला मार्कर. दुसऱ्या लेनमध्ये लेबल निघून गेलेल्या ट्यूबमधला नमुना. तिसऱ्यात इको-आर-वननं कापलेला लॅम्डा, चौथ्यात बाम-एच-वननं कापलेला. लेबल नसलेली ट्यूब शेवटच्या दोहोंपैकी कोणत्या एन्झाइमची, एवढाच प्रश्न आहे.

डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे वीज सुरू केली की तो वेलमधून निघून धन टोकाकडे सरकतो. अगारोजच्या जाळीतून लहान तुकडे भराभर पुढे जातात, मोठे अडखळत मागे राहतात. म्हणून फोटोत वर मोठे, खाली लहान. मार्करमधले तुकडे माहीत आहेत: 23,130, 9,416, 6,557, 4,361, 2,322, 2,027, 564 आणि 125. आठ तुकडे, पण फोटोत सहसा सहाच नीट दिसतात. चमक डीएनएच्या वजनावर ठरते आणि प्रत्येक तुकड्याच्या प्रती सारख्याच असतात, त्यामुळे 564 चा तुकडा सर्वांत मोठ्या तुकड्याच्या चाळीसाव्या हिश्श्याएवढाच चमकतो. 125 चा तर शोधूनही सापडत नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे हीच उपयोगी पडणार आहे.

आता पट्टी लावू. समजा मार्करमध्ये वेलच्या कडेपासून 6,557 चा बँड 29 मिलिमीटरवर, 4,361 चा 37 वर आणि 2,322 चा 49.5 वर आहे. दुसऱ्या लेनमधला सर्वांत खालचा बँड 41 वर आहे. तो 4,361 आणि 2,322 यांच्या मधोमध नाही, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर आहे. सरळ त्रैराशिक लावलं तर लांबी 3,700 च्या आसपास येते. पण अंतराचं नातं लांबीशी नसून लांबीच्या लॉगरिदमशी असतं. लॉगवरून काढलं तर 3,564 येते. इको-आर-वनच्या यादीत 3,530 चा तुकडा आहे, म्हणजे चूक एका टक्क्याची. हातानं मोजलेल्या फोटोसाठी हे फारच चांगलं झालं.

त्याच्या वरचा बँड 35 वर. लॉगनं 4,829 येतात, यादीत 4,878 आहेत. त्याहून वर 31.5 वर एक जाडसर बँड, सुमारे 5,780 चा. नंतर 7,400 च्या आसपासचा एक, आणि सर्वांत वर मार्करच्या 23,130 पेक्षा जेमतेम पुढे सरकलेला एक. हा वरचा मोजण्याच्या भानगडीत पडू नये. इतके लांब तुकडे साध्या जेलमध्ये एकमेकांना चिकटूनच धावतात, आणि मिलिमीटरभराच्या चुकीनं आकडा हजारोंनी हलतो. 23 हजारांहून थोडा लहान, एवढंच म्हणावं.

एकूण पाच बँड झाले. बेरीज करू. वरच्याला 21 हजार धरले तर 21,000, 7,400, 5,780, 4,829 आणि 3,564 मिळून साडेबेचाळीस हजारांच्या जवळ येतात. लॅम्डा 48,502 चा आहे, म्हणजे सुमारे सहा हजार कमी पडतात. वरच्या बँडच्या अंदाजात चूक असेल का? मग तो 27 हजारांचा असायला हवा आणि मार्करच्या 23,130 च्या वर दिसायला हवा. तो तर खाली आहे. मग उरतो तो 31.5 वरचा जाडसर बँड. तो खालच्या 4,829 पेक्षा लांबीनं फार मोठा नाही, पण चमक जवळजवळ अडीचपट आहे. म्हणजे तिथे दोन तुकडे एकावर एक बसले आहेत. इको-आर-वनच्या यादीत 5,804 आणि 5,643 असे दोन तुकडे आहेत आणि फोटोत ते वेगळे पडत नाहीत. सहावा तुकडा असा सापडला.

चौथ्या लेनकडे वळू. बाम-एच-वनचे तुकडे आहेत 16,841, 7,233, 6,770, 6,527, 5,626 आणि 5,505. घाईत पाहिलं तर वर एक मोठा, मधे गर्दी, असंच दृश्य दिसतं. 7,421 आणि 7,233 यांत, किंवा 5,643 आणि 5,626 यांत फोटोवरून फरक करणं अशक्यप्राय. म्हणजे जुळणारे बँड मोजत बसलात तर दोन्ही लेन थोड्याथोड्या जुळतील. निर्णय होतो तो न जुळणाऱ्या बँडवर. बाम-एच-वनमध्ये 5,500 च्या खाली काहीच नाही. आपल्या नमुन्यात 4,800 आणि 3,500 चे दोन बँड ठळक आहेत, आणि 6,500 च्या जागी रिकामी जागा आहे. बाम-एच-वन बाद.

पण तिसऱ्या लेनशी तुलना करताना एक खोच आहे. आपल्या नमुन्यातला 3,500 चा बँड अजून फिका असता आणि सर्वांत वरचा जाड झाला असता तर? नवखा माणूस नमुना जुळत नाही म्हणून मोकळा होईल. लॅम्डाच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना 12 बेसच्या एकेरी शेपट्या असतात आणि त्या एकमेकांना पूरक असल्यामुळे टोकं चिकटतात. इको-आर-वनचे 21,226 आणि 3,530 हे नेमके दोन्ही टोकांचे तुकडे. ते चिकटले की 24,756 चा नवा तुकडा वर दिसतो आणि तळाचा बँड त्या प्रमाणात फिका पडतो. जेलवर घालण्याआधी नमुना 65 अंशांवर पाचेक मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवला की हे टळतं. याचा पुरावा त्याच फोटोत मिळू शकतो: मार्करही तापवलेला नसेल तर त्यातला 4,361 चा बँड फिका दिसतो, कारण त्या लेनमध्ये तोही टोकाचाच तुकडा आहे.

उलट, जास्तीचा बँड दिसला तर एन्झाइमनं काम अर्धवट सोडलं असा संशय घ्यावा. 10,500 च्या आसपास एक फिकी रेघ दिसली तर ती 4,878 आणि 5,643 या शेजारच्या तुकड्यांची न कापलेली जोडी असू शकते. अशा वेळी बेरीज 48,502 च्या पुढे जाते. ट्यूब आणखी तासभर 37 अंशांवर ठेवून पुन्हा जेल चालवली आणि ती रेघ नाहीशी झाली, तर ती जोडी होती हे कळतं.

दुसरी लेन तिसरीशी जुळली, याचा अर्थ तुकड्यांची लांबी जुळली. बँडच्या आत अक्षरांचा क्रम कोणता, हे जेल सांगत नाही. शिवाय दोन लेन शेजारी असल्या तरी मधल्या लेन कडेच्यांपेक्षा थोड्या पुढे धावतात, आणि एका लेनमध्ये डीएनए जास्त पडला तर तिचे बँड सरकलेले दिसतात. शंका राहिली तर एक जुनी युक्ती आहे. अनोळखी ट्यूबमधला आणि इको-आर-वनच्या ट्यूबमधला डीएनए निम्मा-निम्मा एकाच वेलमध्ये मिसळून पुन्हा जेल चालवायची. दोन्ही एकच असतील तर त्या लेनमध्ये पाचच बँड राहतात. 3,500 च्या जागी एकाऐवजी दोन रेघा फुटल्या, तर जुळणी रद्द.