साठ चालींतून पाच वस्तू

बारा सुसम पंचकोन एकमेकांना जोडून एक ठोकळा बनतो, त्याला द्वादशफलक म्हणतात. त्याला ३० कडा आणि २० शिरोबिंदू असतात. हा ठोकळा हातात धरून असा फिरवायचा, की फिरवून झाल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखाच दिसेल. अशा फिरवण्याला आपण ‘चाल’ म्हणू आणि एकूण चाली किती ते मोजू.

समोरासमोरच्या दोन पृष्ठांच्या मध्यांतून जाणारे अक्ष सहा आहेत आणि प्रत्येकाभोवती चार चाली होतात, म्हणजे २४. समोरासमोरच्या शिरोबिंदूंतून जाणारे अक्ष दहा, प्रत्येकी दोन चाली, म्हणजे २०. समोरासमोरच्या कडांच्या मध्यांतून जाणारे अक्ष पंधरा, आणि त्यांच्याभोवती अर्धा फेरा ही एकच चाल, म्हणजे १५. यांत काहीच न हलवण्याची ‘जैसे थे’ ही चाल मिळवली, की बेरीज बरोबर ६० होते.

आता ठोकळा असा धरा, की त्याची एक कड अगदी वर येईल. मग एक कड अगदी खाली असते, आणि समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा आणखी चार कडा नेमक्या मधोमध येतात. या सहा कडांना एकच रंग द्या. त्यांचे तीन अक्ष एकमेकांशी काटकोनात असतात. उरलेल्या कडाही अशाच सहा-सहाच्या संचांत पडतात आणि पाच रंगांत सगळ्या ३० कडा रंगवून होतात. प्रत्येक पंचकोनाच्या पाच कडांवर पाचही रंग एकेकदा येतात.

ठोकळ्याची कोणतीही चाल या पाच रंगांची अदलाबदल करते. पृष्ठाभोवतीची चाल पाचही रंग चक्राकार पुढे सरकवते. शिरोबिंदूभोवतीची चाल तीन रंग फिरवते आणि दोन जागच्या जागी ठेवते. कडेभोवतीचा अर्धा फेरा त्या कडेचा रंग तसाच ठेवून उरलेल्या चार रंगांच्या दोन जोड्यांत अदलाबदल करतो. पाच वस्तूंच्या मांडण्या एकूण १२० होतात. त्यांतल्या निम्म्या, म्हणजे ६०, दोन-दोन वस्तूंच्या सम संख्येच्या अदलाबदलींतून मिळतात. या साठ सम मांडण्यांच्या गटाला पाच अक्षरांवरचा आल्टरनेटिंग गट, म्हणजे A₅, म्हणतात. ठोकळ्याच्या साठ चाली या साठ मांडण्यांशी एकास एक जुळतात. एका चालीमागून दुसरी चाल केली, तरी हे जुळणे मोडत नाही. दोन गट असे जुळले, की गणितात त्यांना एकरूप म्हणतात.

इथवर ठोकळा हातात होता, म्हणून पाच रंग सापडले. खरा प्रश्न पुढे आहे. समजा ठोकळा नाहीच. कोणी फक्त एवढेच सांगितले, की आपल्याकडे साठ चालींचा एक गट आहे आणि तो ‘साधा’ आहे. तरीही तो A₅ च असतो. मग साठ या आकड्यातून आणि साधेपणातून ‘पाच’ येतात कुठून?

गट म्हणजे अशा चालींचा संच, ज्यात दोन चाली पाठोपाठ केल्या तर संचातलीच चाल मिळते आणि प्रत्येक चालीला उलटी चाल असते. साधेपणाचा अर्थ आपल्या कामापुरता असा सांगता येतो: गट काही वस्तूंची अदलाबदल करत असेल, तर एक तर त्याच्या सगळ्याच चाली त्या वस्तूंना हात लावत नाहीत, किंवा ‘जैसे थे’ सोडून प्रत्येक चाल निदान एक वस्तू हलवतेच. अधलेमधले काही होत नाही. आणि एकही चाल अशी वाया जात नसेल, तर दोन वेगळ्या चाली एकच अदलाबदल घडवू शकत नाहीत, कारण एक केल्यावर दुसरी उलटी केली, तर काहीच न हलवणारी चाल मिळेल.

घड्याळाचा मिनिटकाटा ६० जागांवर फिरतो, त्याच्याही साठ चाली होतात. पण तो गट साधा नाही. काटा पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी असा पाचाच्या पटीत सरकवला, तर मिनिटाला पाचाने भागून उरणारी बाकी हलत नाही. एका मिनिटाने सरकवला, तर हलते. पाच बाक्यांच्या दृष्टीने बारा चाली निकामी आणि बाकीच्या कामाच्या, असे विभाजन साध्या गटात चालत नाही. साठ चालींचे एकूण १३ वेगवेगळे गट आहेत आणि त्यांत साधा एकच आहे.

आता पहिली पायरी. साधा गट तीन वस्तूंची खरीखुरी अदलाबदल करत असेल, तर साठ चालींना साठ वेगळ्या मांडण्या हव्यात. तीन वस्तूंच्या मांडण्या फक्त ६, चार वस्तूंच्या २४. जागाच पुरत नाही. म्हणून हा गट दोन, तीन किंवा चार वस्तूंना हलवूच शकत नाही. पाच वस्तूंच्या मांडण्या १२०, तिथे तो मावतो.

मावला, तर तो A₅ च असतो. कारण समजा त्याच्या काही चाली विषम मांडण्या देतात. मग ‘सम’ आणि ‘विषम’ अशा दोन पाट्या घ्या. सम चाल पाट्या तशाच ठेवते, विषम चाल त्यांची अदलाबदल करते. म्हणजे गट दोन वस्तूंना हलवू लागला, आणि ते अशक्य आहे हे आत्ताच पाहिले. तेव्हा साठही चाली सम असल्या पाहिजेत. सम मांडण्या साठच आहेत, म्हणून एकही उरत नाही.

सगळा प्रश्न आता एका जागी आला: या गटासाठी पाच वस्तू शोधायच्या. त्या बाहेरून मिळणार नाहीत, कारण आपल्याकडे गटाशिवाय काहीच नाही. त्या गटाच्या पोटातूनच काढाव्या लागतात, आणि त्याचे दोन मार्ग आहेत. गटाच्या आत बारा चालींचा छोटा गट, म्हणजे उपगट, सापडला, तर साठ चाली बारा-बाराच्या पाच गठ्ठ्यांत पडतात आणि गटाची प्रत्येक चाल या गठ्ठ्यांची अदलाबदल करते. किंवा गटात एकाच प्रकारचे पाच उपगट असतील, तर ते स्वतःच पाच वस्तू होतात. द्वादशफलकात एका अक्षाभोवतीची चाल ठोकळा फिरवल्यावर दुसऱ्या अक्षाभोवतीची होते, तसे गटाची चाल एका उपगटाला दुसऱ्याच्या जागी नेते.

इथे नॉर्वेचे गणिती लुडविग सिलोव्ह यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रमेये कामी येतात. ६० म्हणजे ४ × ३ × ५. सिलोव्ह सांगतात, की गटात पाच चालींचे उपगट असतातच. त्यांची संख्या १२ ला भागणारी असते आणि तिला ५ ने भागल्यास १ उरतो. म्हणजे ते १ किंवा ६. एकच असेल, तर गटाची कोणतीही चाल त्याला जागचा हलवू शकत नाही, आणि असा अचल उपगट साध्या गटात नसतो. म्हणून ते सहा. प्रत्येकात ‘जैसे थे’ सोडून चार चाली आणि त्या एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणजे २४ चाली खर्ची पडल्या.

चार चालींचे उपगट १, ३, ५ किंवा १५ असू शकतात, आणि गट त्यातल्या कोणत्याही एकाला कोणत्याही दुसऱ्याच्या जागी नेऊ शकतो. एक नाही, कारण साधेपणा. तीन नाहीत, कारण गट तीन वस्तूंना हलवू शकत नाही. पाच असतील, तर आपल्याला हव्या त्या पाच वस्तू मिळाल्याच. राहिले पंधरा.

पंधरा उपगटांत सामाईक काहीच नसेल, तर त्यांच्या १५ × ३ म्हणजे ४५ चाली होतात. त्यांत आधीच्या २४ मिळवल्या, की ६९. गटात चाली आहेत फक्त ६०. तेव्हा दोन उपगटांत एक चाल सामाईक असलीच पाहिजे. तिला x म्हणू. चार चालींच्या गटात चालींचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही, म्हणून x दोन्ही उपगटांतल्या सर्व चालींशी जुळवून घेते: आधी x करा की नंतर, निकाल तोच. x शी असे जुळवून घेणाऱ्या सगळ्या चालींचा मिळून एक उपगट होतो. त्यात चार चालींचा उपगट सामावलेला आहे, म्हणून त्याची संख्या ४ च्या पटीत, चारपेक्षा जास्त आणि ६० ला भागणारी हवी. पर्याय तीनच: १२, २० किंवा ६०. वीस असेल, तर गठ्ठे तीन पडतात आणि ते चालत नाही. साठ असेल, तर x सगळ्यांशीच जुळते, मग x आणि ‘जैसे थे’ यांचा अचल उपगट तयार होतो आणि साधेपणा मोडतो. उरले बारा. बारा चालींचे गठ्ठे पाच, आणि सिद्धता संपली.

या शेवटच्या वाटेची एक गंमत आहे. गट A₅ आहे हे ठरल्यावर द्वादशफलकात तपासून पाहा. प्रत्येक रंगाचे तीन अर्धे फेरे आणि ‘जैसे थे’ मिळून चार चालींचा एक उपगट होतो. रंग पाच, म्हणून असे उपगट पाचच, आणि दोन उपगटांत सामाईक अर्धा फेरा एकही नाही. म्हणजे पंधराची शक्यता प्रत्यक्षात कधी घडतच नाही. तरी ती आधी नाकारण्याची गरज पडली नाही, कारण त्या वाटेनेही शेवटी पाच वस्तूच मिळतात.

हे पाच किती लपलेले असू शकतात, हे एव्हारिस्त गाल्वाच्या १८३२ च्या पत्रात दिसते. द्वंद्वयुद्धाच्या आदल्या दिवशी, २९ मे रोजी, वीस वर्षांच्या गाल्वाने मित्र ऑग्युस्त शेव्हालिये याला ते लिहिले. त्यात p या मूळ संख्येपासून बनणारे काही गट आहेत, आणि ते स्वाभाविकपणे p + १ वस्तूंना हलवतात. p = ५ घेतला, तर गट साठ चालींचा होतो, पण डोळ्यांसमोर वस्तू येतात सहा. गाल्वाने नोंदवले, की त्या सहांच्या जागी पाच वस्तूंवर काम भागते, आणि पाचाच्या पुढे अशी एकाने बचत फक्त ७ आणि ११ ला होते. पत्रात हेही आहे, की मूळ संख्या सोडल्यास न फुटणाऱ्या गटाच्या चाली कमीत कमी ५ × ४ × ३ असतात. १८९२ मध्ये ओटो ह्योल्डर यांनी २०० पर्यंतचे सगळे आकडे तपासले. मूळ संख्या सोडल्या, तर साधे गट फक्त ६० आणि १६८ लाच सापडले.

चालींची संख्या कळली की साधा गट ठरला, असे मात्र नेहमी होत नाही. २०१६० चालींचे दोन साधे गट आहेत आणि ते एकमेकांशी एकरूप नाहीत. हे आयडा मे शॉटनफेल्स यांनी १९०० च्या सुमारास दाखवून दिले. साठच्या बाबतीत निर्णय एकच लागतो, कारण तिथे हिशेब दोन्ही बाजूंनी आवळलेला आहे: चार वस्तूंच्या २४ मांडण्या साठांना अपुऱ्या पडतात, आणि पंधरा उपगट एकमेकांपासून अलग ठेवायचे तर ६९ चाली लागतात. या दोन भिंतींमध्ये पाचखेरीज कशालाच जागा उरत नाही.