मिक्सर परत गेला, पैसे कुठे अडकले?

समजा, ऑनलाइन मागवलेला ३,४९९ रुपयांचा मिक्सर सदोष निघाला. ४ मार्चला कुरिअरवाला येऊन तो घेऊन गेला, अॅपवर ‘पिकअप पूर्ण’ असंही दिसलं. आता एप्रिल उजाडला तरी पैशांचा पत्ता नाही. कस्टमर केअरला फोन केला की दर वेळी नवा माणूस तेच सांगतो, ‘अजून ४८ तास थांबा.’

अशा वेळी आधी एक गोष्ट तपासावी: कंपनीने रिफंड सोडलाच नाही, की सोडला पण खात्यात पोचला नाही? सोडला असेल तर कार्डाच्या व्यवहाराला एआरएन आणि यूपीआयला आरआरएन हा क्रमांक असतो. तो मागून घ्या आणि बँकेला द्या, बँक त्यावरून पैशांचा माग काढते. कंपनी क्रमांक देऊच शकत नसेल, तर बहुधा पैसे तिच्याकडेच आहेत. पुष्कळदा घोळ गोदामात असतो. पार्सल पोचतं, पण त्याची नोंद होत नाही किंवा तपासणी रखडते, आणि नोंद नाही म्हणून रिफंडही सुटत नाही. कुरिअर कंपनीनेच नेमलेला असेल, तर हा त्यांचा आपसातला प्रश्न आहे. ग्राहकाने त्यात का भरडलं जावं?

आता चॅट पुरे. थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याचं नाव, पद आणि संपर्क वेबसाइटवर असलाच पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. फोनवर केलेल्या रदबदलीला पुरावा नसतो. ईमेलला तारीख असते, म्हणून हा महिना नेमका कधीपासून धरायचा याचा वाद उरत नाही.

मजकूर लांबवू नका. मनस्तापाचं वर्णन वाचायला तिकडे कोणाला वेळ नाही. विषयात ऑर्डर क्रमांक घाला आणि एवढंच लिहा:

‘४ मार्च रोजी आपल्या प्रतिनिधीने मिक्सर ताब्यात घेतला. पिकअपचा स्क्रीनशॉट व बिल सोबत जोडले आहे. ३,४९९ रुपये अद्याप मिळालेले नाहीत. रक्कम मूळ खात्यात जमा करावी. रिफंड सोडला असल्यास तारीख व एआरएन किंवा आरआरएन कळवावा. १५ एप्रिलपर्यंत रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक हेल्पलाइनकडे व जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.’

आधीच्या तक्रारींचे क्रमांक खाली जोडा. पैशांऐवजी वॉलेटमध्ये कूपन घ्या असा प्रस्ताव आला आणि तो नको असेल, तर नकारही लेखीच कळवा. नाहीतर तुम्ही तो मान्य केल्याचा दावा होऊ शकतो.

मुदत उलटली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथेही काम झालं नाही, तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्क लागत नाही.