फसवा कोपरा

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका घरगुती व्यवसायाचा हिशेब घेऊ. चकलीच्या एका किलोला, भाजणी भिजवण्यापासून सोऱ्या फिरवून तळेपर्यंत, 2 तास लागतात. शंकरपाळ्यांच्या किलोला 1 तास. हाताशी तास आहेत 40, एकेक किलोचे डबे 30, आणि शंकरपाळ्यांना 24 किलोपलीकडे गिऱ्हाईक नाही. चकलीवर किलोमागे 80 रुपये सुटतात, शंकरपाळ्यांवर 60. मग कशाचे किती किलो करावे?

चकली x किलो आणि शंकरपाळी y किलो धरली, तर तीन अटी अशा मांडता येतात: 2x + y ≤ 40, x + y ≤ 30, y ≤ 24. शिवाय x किंवा y शून्याखाली जाणार नाहीत. आलेखाच्या कागदावर प्रत्येक अटीची एक सरळ रेघ ओढायची. रेघेची कोणती बाजू आपली, हे ठरवायला (0, 0) हा बिंदू अटीत घालून पाहायचा. 0 हे 40 पेक्षा कमीच, म्हणजे शून्याकडची बाजू आपली. तिन्ही अटींच्या बाजू पेन्सिलीने छायांकित केल्या की जिथे सगळ्या छटा एकमेकींवर येतात, तो पाच कोपऱ्यांचा तुकडा म्हणजे शक्य प्रदेश. त्यातला कुठलाही बिंदू जमण्याजोगा बेत असतो.

इथे घाई केली की चूक होते. रेघा जिथे छेदतात तो प्रत्येक बिंदू कोपरा नसतो. 2x + y = 40 आणि y = 24 या रेघा (8, 24) वर भेटतात. तिथे नफा दिसतो 2080 रुपये, सगळ्यांत जास्त! पण 8 आणि 24 मिळून 32 किलो झाले, डबे तर 30च. हा बिंदू प्रदेशाबाहेरचा आहे. म्हणून छेदबिंदू मिळाला की तो उरलेल्या अटींतही घालून पाहावाच लागतो.

खरे कोपरे (0, 0), (20, 0), (10, 20), (6, 24) आणि (0, 24). त्यांवरचा नफा अनुक्रमे 0, 1600, 2000, 1920 आणि 1440 रुपये. म्हणजे 10 किलो चकली आणि 20 किलो शंकरपाळी.

फक्त कोपरेच तपासून कसे भागते? समान नफ्याचे सगळे बिंदू एका सरळ रेघेवर येतात. नफा वाढवत नेला की ही रेघ स्वतःला समांतर राहून बाहेर सरकते, आणि प्रदेश सोडताना तिचा शेवटचा स्पर्श कोपऱ्याला होतो. ती एखाद्या कडेला समांतर असेल, तर त्या सबंध कडेला. चकलीवर 60 रुपयेच सुटले असते, तर (10, 20) आणि (6, 24) यांना जोडणाऱ्या कडेवर सगळीकडे 1800 रुपयेच मिळाले असते. चकलीचा नफा 60 ते 120 रुपयांच्या दरम्यान कितीही हलला, तरी 10 आणि 20 चा बेत बदलावा लागत नाही. 120 च्या वर गेला, की मात्र शंकरपाळी सोडून 20 किलो चकलीच करणे फायद्याचे.

लाडू आणि चिवडाही आले, तर कागदाच्या दोन अक्षांवर चार पदार्थ मावत नाहीत आणि कोपरेही भराभर वाढतात. जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत अशा वेळी एका कोपऱ्यावरून शेजारच्या सरस कोपऱ्यावर जाते, आणि शेजारी सरस कोपरा उरला नाही की थांबते.